कपाटाची आतली रुंदी : ५६४, ८६४, ५६४

आमच्या बेडरूममध्ये कॉलम आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये एक खाच होती. जमिनीजवळ तिची रुंदी सात फूट दोन इंच भरली. मिस्त्रींनी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं: सात फुटी कपाट, चार उभ्या फळ्या, तीन सारखे भाग, प्रत्येक भागाला दोन दारं. बाहेरून बघायला देखणं. मी विचारलं, पँटचा सरकता रॅक, साड्यांचे ट्रे आणि दागिन्यांचा खण यांचं काय? ते म्हणाले, "ताई, आधी ढाचा उभा करू. ते सगळं आत नंतर बसवता येतं."

आत बसवायच्या वस्तू तयार मिळतात आणि त्यांची रुंदी ठरलेली असते, एवढं मला ऐकून माहीत होतं. म्हणून प्लाय कापायच्या आधी भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला एक फेरी मारली. दुकानदारानं पँट रॅकचा खोका काउंटरवर ठेवला. त्यावर छापलं होतं, कॅबिनेट ६००, आतली रुंदी ५६४. दुसऱ्या खोक्यावर ९०० आणि ८६४. मध्ये ८०० चा एक प्रकार होता, तो आत ७६४. तिन्ही ठिकाणी ३६ चाच फरक आहे, कारण दोन्ही बाजूंच्या फळ्या १८ एमएमच्या धरलेल्या असतात. म्हणजे बाहेरचा आकडा फक्त नावापुरता. रॅक बसणार की नाही ते आतल्या, फळी ते फळी अशा मोकळ्या मापावर ठरतं.

घरी येऊन मिस्त्रींच्या चित्राचा हिशेब मांडला. सात फूट म्हणजे २१३४ एमएम. चार फळ्यांचे ७२ गेले, उरले २०६२. त्याचे तीन भाग केले की प्रत्येकी साधारण ६८७. आता ५६४ चा रॅक ६८७ च्या भागात ठेवायचा तर १२३ एमएम फट उरते, म्हणजे दोन्ही बाजूंना जवळजवळ अडीच अडीच इंचांचं पॅकिंग ठोकायचं. ७६४ चा त्यात जातच नाही. सारखे भाग पाडल्यामुळे एकाही भागात बाजारातली एकही वस्तू नीट बसत नव्हती. पॅकिंग ठोकून काम झालं असतं, नाही असं नाही, पण दोन भागांत मिळून पाव मीटर रुंदी लाकडी पट्ट्यांखाली गेली असती. बेडरूमच्या भिंतीवर पाव मीटर फुकट घालवायला मन धजत नाही.

म्हणून हिशेब उलट्या बाजूनं सुरू केला. आधी प्रत्येक वस्तूला किती रुंदी लागते ते बघायचं, आणि त्यावरून उभ्या फळ्यांच्या जागा ठरवायच्या.

सगळ्यात अवघड निघाल्या साड्या. कारण ट्रेची रुंदी कंपनी ठरवते, पण साडीच्या घडीची रुंदी घरातली बाई ठरवते. आमच्या सासूबाईंची घडी मोठी, साधारण पंधरा इंच बाय बारा इंच. माझी त्याहून लहान, पण रोज वेगळी. ८६४ च्या भागात ट्रे ज्यांवर सरकतो त्या दोन्ही बाजूंच्या चॅनलचे मिळून २६ एमएम जातात, ट्रेच्या स्वतःच्या बाजू आणखी चोवीस-पंचवीस खातात. हात जातो ती खरी जागा ८१० च्या आसपास. पंधरा इंची घडीच्या तिथे दोनच थप्प्या बसतात. तीच घडी दहा इंचांवर आणली तर तीन. साडीचा पन्हा साधारण ४५ ते ४७ इंच असतो, त्याची चौघडी केली की साडेअकरा इंच होतात, ती बाजू ट्रेच्या खोलीत जाते. लांबीकडून घडी घालताना मात्र दहा इंचांवर थांबायचं. मी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याची दहा इंच रुंद पट्टी कापली आणि तिच्याभोवती घड्या घालून बघितल्या. काठापदराच्या जाड साड्यांनाही जमलं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं ("अगं, माझी घडी चाळीस वर्षं अशीच आहे"), पण एका संध्याकाळी त्याच पुठ्ठा घेऊन बसल्या.

फरक किती पडतो ते सांगते. एका थप्पीत सहा साड्या आणि चार ट्रे धरले, तर दोन थप्प्यांच्या हिशेबानं ४८ साड्या मावतात, तीन थप्प्यांच्या हिशेबानं ७२. कपाट तेच, ट्रे तेच. सहापेक्षा जास्त साड्या एकावर एक ठेवल्या तर खालची काढताना अख्खी थप्पी विस्कटते, मग सरकत्या ट्रेचा उपयोग काय?

साड्यांचे ट्रे ६०० च्या भागात ठेवावेत असंही एकदा मनात आलं होतं, कारण लहान ट्रे हलका सरकतो. पण ५६४ मधून चॅनल आणि बाजू वजा केल्या की आत ५१० च्या आसपास राहतात, आणि दहा इंची दोन थप्प्या म्हणजे ५०८. कागदावर बसतात. प्रत्यक्षात बोटं घालायला जागा नाही, आणि खळ घातलेली सुती साडी काही मोजूनमापून सपाट पडत नाही. तेव्हा साड्यांना ९०० चा भाग, हे पक्कं झालं.

पँट रॅकचं गणित सोपं. ५६४ च्या रॅकमध्ये दांड्या पुढून मागे जातात, एकेका दांडीवर इस्त्रीच्या घडीवर दुमडलेली एक पँट. जीन्स जाड असतात, म्हणून दांड्या फार जवळ असलेला रॅक घेतला नाही. दहाएक पँट सुखानं राहतात, नवऱ्याला पुरेत. दांड्यांवर रबरासारखं खरखरीत आवरण असलेला रॅक बघावा, नुसत्या चकचकीत क्रोमच्या दांडीवरून रॅक ओढला की टेरिकॉट घसरतं. इथे रुंदीपेक्षा उंची चुकण्याचा संभव जास्त. नवऱ्याची पँट ४२ इंच लांब, अर्धी २१, म्हणजे दांडीखाली ५३३ एमएम लोंबणार. खाली तीन-चार इंच मोकळे हवेत, नाहीतर मोहऱ्या तळाला घासून धूळ पुसतात. आम्ही दांडीखाली ६४० सोडले.

दुसऱ्या बाजूच्या भागात लांब कपडे टांगायचे होते, तिथे रॅक-ट्रे काही नाही. तोही ६०० चाच ठेवला, म्हणजे बाहेरून एक दार, दोन दारं, एक दार अशी जुळणी दिसते.

आता या तीन भागांची बेरीज. ५६४, ८६४, ५६४ मिळून १९९२, अधिक चार फळ्या, २०६४. मिस्त्री खूश झाले, खाचेत आरामात बसत होतं. पण भवानी पेठेतल्या त्या दुकानदारानं निघताना एक प्रश्न विचारला होता, तो माझ्या डोक्यात राहिला होता: "मधल्या फळीवर दोन्हीकडची दारं येणार का?"

यामागचं कारण समजायला मला वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहिते. हल्लीच्या कपाटांना ज्या आतल्या बिजागऱ्या लागतात, ज्यांना सगळे ऑटो हिंज म्हणतात, त्या तीन प्रकारच्या. दार फळीची जवळजवळ सगळी जाडी झाकत असेल तर झिरो क्रँक. एकाच फळीवर दोन बाजूंची दोन दारं येत असतील, म्हणजे प्रत्येकानं अर्धी अर्धी जाडी झाकायची असेल, तर आठ क्रँक. आणि दार फळ्यांच्या आत बसणार असेल तर सोळा क्रँक. दार बंद असताना या प्रकारांमुळे आत काही बिघडत नाही. फरक पडतो दार उघडल्यावर. झिरो क्रँकचं उघडं दार साधारण फळीच्या जाडीसमोरच उभं राहतं. आठ क्रँकचं दार तेवढं बाहेर जाऊ शकत नाही, ते आठ-नऊ एमएम आत, म्हणजे ट्रेच्या वाटेत उभं राहतं. सोळा क्रँकचं तर दाराची जवळजवळ सगळी जाडी वाटेत येते.

ट्रे फळीपासून फक्त चॅनलएवढा, तेरा एमएम आत असतो. त्यातले आठ-नऊ दारानं खाल्ले, दारावर लॅमिनेटचे दीड-दोन एमएम वाढले, की राहतं काय? दोन-तीन एमएम. दार पूर्ण उघडलेलं नसेल, तर ट्रेचा कोपरा दाराच्या आतल्या बाजूवर चरा पाडतो. आणि आमच्या आराखड्यात मधला, साड्यांचा भाग दोन्हीकडून समाईक फळ्यांचा होता. सगळ्यात जास्त ओढाओढ होणार त्याच भागात दोन्ही बाजूंना आठ क्रँक.

मिस्त्रींना हे तोंडी पटलं नाही. त्यांनी मग प्लायचे दोन तुकडे घेतले, एकावर बिजागरी लावली, दुसरा दार म्हणून अडकवला, आणि झिरो आणि आठ दोन्ही क्रँकनं उघडून गुण्या लावून बघितलं. आठ क्रँकला दार तीन सूत आत दिसलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन एमएमपेक्षा जरा कमी. मिस्त्री सुतात मोजतात, रॅकचे खोके एमएममध्ये बोलतात, त्यामुळे आमच्याकडे कामभर ही दुभाषेगिरी चालू होती. तुकडा बघून ते म्हणाले, "मग मधल्या भागाला आतून दोन्हीकडे पाऊण इंची पट्टी मारू."

पट्टी मारली तर दार आड येत नाही हे खरं, पण ८६४ चे ८२६ होतात आणि ८६४ चा ट्रे जात नाही. फळ्या तेवढ्या बाहेर सरकवता आल्या असत्या, खाचेत जागा होती. दुसरा मार्ग होता तीन स्वतंत्र पेट्या करण्याचा, प्रत्येकीला स्वतःच्या दोन बाजू. मग फळी समाईक राहत नाही, चारही दारांना झिरो क्रँक चालतो, पट्ट्या नकोत. उभ्या फळ्या चाराऐवजी सहा लागतात. जादा दोन फळ्या सात फूट बाय दोन फूट, म्हणजे आठ बाय चारचा बरोबर एक शीट. मी पेट्यांच्या बाजूनं कौल दिला. एका शीटचे पैसे गेले, पण ट्रेच्या चॅनलमागे पट्टी, पट्टीमागे स्क्रू अशी उतरंड टळली. चॅनल थेट सलग फळीवर बसलेला चांगला, वर्षानुवर्षं बारा-चौदा किलो वजन ओढल्यावर पट्टीचे स्क्रू ढिले होतात. आणि वजन तेवढं असतंच. जरीची पैठणी किंवा कांजीवरम पाऊण ते एक किलोच्या घरात जाते, सुती साड्या त्याच्या निम्म्या, अशा अठरा साड्या एका ट्रेवर.

सरकत्या दारांचं कपाट का नाही, हे बऱ्याच जणींनी विचारलं. सात फुटांना दोन सरकती दारं घेतली तर एका वेळी निम्मंच कपाट उघडतं आणि दोन्ही दारं मध्यावर एकमेकांवर चढलेली असतात. आमचा ९०० चा भाग नेमका मध्यावर. दार कुठेही सरकवा, त्याच्यापुढे अर्धं दार राहणारच, ट्रे बाहेर येणारच नाही. सरकत्या दारांत भागांच्या सीमा दारांच्या सीमांवर ठेवाव्या लागतात, तिथे ६००-९००-६०० हा आराखडा चालत नाही. शिवाय रुळांपायी कपाटाच्या खोलीतले तीन-चार इंच जातात.

पेट्या ठरल्यावर मापं पुन्हा मांडली, या वेळी लॅमिनेट धरून. तयार प्री-लॅम बोर्डात पापुद्र्यासकट १८ एमएम मिळतात, पण जागेवर सुतारकाम करून घेताना १८ च्या प्लायवर आतून ०.८ एमएमचं लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट चिकटतं. गोंद धरून एक फळी १९ ची समजायची. पेटी बाहेरून ६०० ची कापली असती तर आत ५६२ राहिले असते, आणि ५६४ च्या रॅकला दोन एमएम म्हणजे फार. म्हणून मिस्त्रींना बाहेरचं माप दिलंच नाही. लायनर चिकटल्यानंतर आत ५६४ आणि ८६४ हवेत, बाहेर काय व्हायचं ते होवो, असं सांगितलं. बाहेरून ६०२, ९०२, ६०२ भरलं, एकूण २१०६.

खाच खाली सात फूट दोन इंच, म्हणजे २१८४ होती खरी, पण वर छताकडे अडीच सूत कमी, २१७६. भिंती अशाच असतात. सगळ्यात लहान माप धरायचं. २१७६ मधून २१०६ गेले, उरले ७०, दोन्हीकडे ३५ च्या फिलर पट्ट्या. त्या पट्ट्या काही नुसती फट बुजवायला नाहीत. भिंतीलगतचं दार उघडलं की त्याचं हँडल भिंतीवर आपटतं आणि दार नव्वद अंशांपर्यंत जातच नाही, मग पुन्हा तेच, ट्रे दाराला घासणार. ३५ एमएम असल्यामुळे आमचं हँडल भिंतीच्या अलीकडे राहतं. खाच अगदी पेटीएवढीच असती तर मी हँडलच बदललं असतं, दारातच कोरलेलं, बाहेर न येणारं घेतलं असतं.

कापायच्या आधी रॅक आणि ट्रे घरी आणून ठेवले. हे मिस्त्रींना जरा अपमानास्पद वाटलं असावं, पण खोक्यातल्या कागदावर मोकळी रुंदी, चॅनलची जागा, स्क्रूची भोकं तळापासून किती उंचीवर, सगळं छापलेलं असतं. ते बघून त्यांनी एक काम केलं जे मला फार आवडलं. प्लायच्या उरलेल्या कापातून दोन पट्ट्या कापल्या, एक बरोबर ५६४ ची, एक ८६४ ची. टेपनं मोजायचंच नाही. पेटी उभी राहिली की पट्टी आत घालायची, पुढे, मागे, आणि ज्या ज्या उंचीवर चॅनल येणार त्या त्या उंचीवर. ती हलक्या हातानं सरकली पाहिजे, अडकता कामा नये आणि खुळखुळताही कामा नये.

पेट्या एकेकट्या होत्या तोवर पट्टी सगळीकडे नीट सरकत होती. तिन्ही शेजारी उभ्या करून एकमेकींना स्क्रूनं आवळल्यावर मधल्या पेटीत, कमरेच्या उंचीवर, पट्टी ढिली पडली. दोन एमएमनी रुंदी वाढली होती. कारण मिस्त्रींनीच शोधलं. उंच फळी मध्यावर किंचित वाकलेली असते, दोन पेट्यांच्या मध्ये तेवढी फट राहते, आणि स्क्रू आवळला की फळी त्या फटीकडे ओढली जाते, आतली रुंदी वाढते. ट्रे लावला असता तर चॅनल दोन्हीकडून ताणून बसले असते. स्क्रू सैल केले, फटीत लॅमिनेटचे तुकडे भरले, पुन्हा आवळले, मग पट्टी जागेवर आली. शिवाय सर्वांत वरच्या ट्रेच्या लगेच वर एक पक्का खाना घेतला, न हलणारा, दोन्हीकडे स्क्रूनं धरलेला. सात फुटी बाजूंना मध्ये कुठे बांध नसेल तर आज बरोबर असलेलं माप सहा महिन्यांनी फुगतं.

ज्यांचे ट्रे आधीच बसले आहेत त्यांना काय बिघडलंय ते हातानं कळतं. ट्रे बाहेर हलका आणि शेवटच्या वीतभर अंतरात आत जाताना जड होत असेल, तर पेटी मागच्या बाजूला अरुंद आहे. बाहेर ओढल्यावर डावी-उजवीकडे लुडबुडत असेल, तर पुढे रुंद आहे. सारखाच जड असेल तर एक चॅनल दुसऱ्याहून वर-खाली लागला आहे. टेलिस्कोपिक चॅनलला एका बाजूला अर्धा इंच, १२.७ एमएम जागा लागते. अर्ध्या एमएमची चूक तो चालवून घेतो, दोनची नाही. आमचे मिस्त्री खणाची पेटी बाहेरून "एक इंच कमी" कापायचे, ते २५.४ होतात, जरा ताणूनच बसतं. २६ ठेवायला सांगितले.

उंचीच्या बाबतीत एकच सांगते. माझी उंची पाच फूट एक इंच, सासूबाई माझ्याहून बुटक्या. ज्या ट्रेमध्ये वाकून बघता येत नाही तो ट्रे साड्यांसाठी नाही. सर्वांत वरचा ट्रे जमिनीपासून चार फुटांवर ठेवला. एकेका ट्रेला १९० एमएम उंची, असे चार, त्यांच्याखाली दोन साधे खण, वरच्या पक्क्या खान्यावर ब्लाउजसाठी आडवा रॉड. ट्रे पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनलवर घेतले. साडीची खोली साडेअकरा इंच, ट्रे मागे आणखी सात इंच उरतो, तिथे परकर गुंडाळून ठेवले आहेत. चॅनल तीन-चतुर्थांशच बाहेर येणारा असता तर तिथवर हात गेला नसता. तारांच्या जाळीचे ट्रे स्वस्त होते, पण रेशमावर तारेचा वळ उठतो आणि जर अडकते. जाळीच घ्यायची तर वर प्लायचा पातळ तळ आणि त्यावर मलमल घालावी.

दागिन्यांचे खण पँट रॅकच्या वर, कमरेच्या उंचीला आले. सोनं बँकेच्या लॉकरमध्येच आहे, इथे नेहमीचे, मोत्याचे आणि खोटे. तयार मखमली ट्रे बघितले, ते आमच्या ५१० च्या खणात साठेक एमएम फट ठेवत होते. खण ओढला-ढकलला की तो ट्रे आत सरकणार आणि कानातले एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणार. म्हणून कप्पे मिस्त्रींकडूनच करून घेतले, ६ एमएम एमडीएफचे, वर मखमल.

इथे पुन्हा मापानं हसवलं. पहिल्यांदा दोन्ही खण सारख्या उंचीचे निघाले होते, आत ५० एमएम. अंगठ्या, नथ, ठुशी यांना ते भरपूर. बांगड्या? दोन-सहाच्या मापाची बांगडी म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, आतून साठ एमएम. पाटल्या आणि तोडे बाहेरून पंचाहत्तरपर्यंत जातात. गोल दांड्यावर ओवून उभ्या ठेवायच्या तर ९० तरी हवेत. आडव्या ठेवल्या तर ५० मध्ये बसतात, पण मग हवी ती काढायला सगळ्या उचकायच्या. सासूबाईंनी निकाल दिला, "खालचा उंच करा, वरचा आहे तसा राहू दे." त्यासाठी वरच्या शर्टांच्या रॉडखाली चार सेंटीमीटर कमी झाले, नवऱ्यानं तक्रार केली नाही. मोहनमाळ आणि लांब माळांसाठी डावीकडे पुढून मागे जाणारे साठ एमएम रुंद तीन पट्टे ठेवले, उजवीकडे लहान चौकोन. तन्मणी मऊ कापडात गुंडाळून चौकोनात.

शेवटचं राहिलं ते बिजागऱ्यांचं. सात फुटी दाराला त्या चार-पाच लागतात, आणि प्रत्येक बिजागरीचा हात आत दीड-दोन सेंटीमीटर येतो. ट्रे त्याच उंचीवर असला की अडतो. मिस्त्री सवयीनं दाराचे सारखे भाग करून खुणा करत होते. आम्ही आधी ट्रे, रॅक आणि खण यांच्या उंचीच्या रेषा फळीवर मारल्या आणि बिजागऱ्या त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत टाकल्या. दारावर त्या सारख्या अंतरावर नाहीत, दार बंद असताना कोणाला दिसत नाहीत.

पावसाळ्यात दागिन्यांचा खालचा खण थोडा जड झाला होता, प्लायच्या बाजू फुगतातच. ऑक्टोबरात आपोआप सुटला. पँट रॅकच्या पुढच्या दोन स्क्रूंना मात्र एकदा आवळावं लागलं.